शेजारी समुद्र असताना हिंदमाताचं पाणी उतरत का नाही?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. प्रश्न मुंबईचा आहे आणि विचारतोय नाशिकमधून, त्याबद्दल आधीच माफी. माझी लेक परळला एका इस्पितळात नर्स आहे. गेल्या आठवड्यात ड्युटीवर जाताना हिंदमाताला अडकली. ती काय सांगत होती ते तसंच्या तसं देतो, कारण मला त्यातलंच एक कोडं सुटत नाहीये.

अकराच्या सुमाराला पाऊस धो धो सुरू झाला. साडेअकराला रस्त्यावर गुडघाभर पाणी. ही एका दुकानाच्या पायऱ्यांवर चढून उभी राहिली. एकला पाऊस थांबला, थोडं ऊनही पडलं. पण पाणी जागचं हललं नाही. खालून तिसऱ्या पायरीला लागलेलं पाणी अडीचलाही तिसऱ्याच पायरीला. आणि मग चारच्या आसपास कुणी मोरीचं बूच उपसावं तसं खाली जायला लागलं. पाचला रस्ता मोकळा.

मुंबईत पाणी तुंबतं यात नवल नाही, ते लहानपणापासून ऐकतोय. माझा प्रश्न एवढाच: पाऊस थांबल्यावर ते पाणी तीन तास कशाची वाट पाहत होतं? आणि चारला असं काय झालं?

मिसळभक्त
पाण्याला पण मुंबईची लोकल पकडायची असणार. मेगाब्लॉक होता.

कॉलेजरोडचा
उत्तर सोपं आहे, प्लास्टिक. पिशव्या, बाटल्या, थर्माकोल. चारला पालिकेच्या माणसांनी झाकण उघडून कचरा ओढला असेल. बाकी भरती-बिरती ही जबाबदारी झटकायची कारणं.

पंचवटीकर
आपल्याकडेच बघा ना, बेसमेंटमध्ये दर पावसाळ्यात पाणी. आमच्या सोसायटीत बिल्डरने पंप दिलाय, तो पाणी बाहेरच्या नाल्यात टाकतो. गेल्या वर्षी पंप चालू, मोटर गरम, आणि बेसमेंटमधलं पाणी उतरायच्या ऐवजी वाढतंय. दोन स्कूटर गेल्या. नाशिकला कुठे समुद्र आहे? तेव्हा सगळा दोष बिल्डर आणि नगररचनावाल्यांचा. गोदाकाठ, तुम्ही तक्रार केलीत का?

गोदाकाठ
@पंचवटीकर, अहो माझं बेसमेंट नाही, लेक अडकली होती. मुंबईत. तक्रार कुठे करू, वरुणाकडे?

@कॉलेजरोडचा, मलाही आधी तेच वाटलं. पण तिने कुणी झाकण उघडताना पाहिलं नाही. शिवाय एकाच जागी नाही, पलीकडच्या गल्लीतलं पाणीही त्याच सुमाराला उतरलं म्हणे.

पेणची_लेक
गोदाकाठ दादा, दिवस कुठला होता? तारीख नको, तिथी सांगा.

गोदाकाठ
तिथी?? थांबा, कालनिर्णय बघतो. … शुद्ध द्वितीया. दोन दिवस आधी अमावास्या. का हो?

पेणची_लेक
झालं तर मग. तुमचं पाणी भरती उतरायची वाट पाहत होतं.

आमच्याकडे आजी हिशोब करायची: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. द्वितीया म्हणजे दोन, दोनाची पाऊणपट दीड. दुपारी दीडला पूर्ण भरती, आणि रात्री दीडच्या पुढे परत. अष्टमीला सहा. अमावास्या-पुनवेला बाराच्या आसपास. पाच-दहा मिनिटांचा नाही, अर्ध्या-पाऊण तासाचाही फरक पडतो, पण डोळे मिटून अंदाज बांधायला पुरतो. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. म्हणजे तुमच्या दिवशी पावणेआठच्या सुमाराला पूर्ण ओहोटी, आणि साडेचारला समुद्र अर्ध्यावर.

त्यातून अमावास्येनंतरचे दोन दिवस म्हणजे उधाण. पाणी सगळ्यात जास्त चढतं ते अमावास्येलाच असं नाही, एक-दोन दिवस मागून चढतं. पाऊस पडला तोही नेमका भरतीच्या पोटात.

तर्ककर्कश
पंचांगावरून गटारं उघडतात हे पहिल्यांदाच ऐकलं. 😀 भरती असेल, मान्य. पण हिंदमाता समुद्रापासून किती लांब आहे? मरीन ड्राइव्हवर लाटा उसळल्या म्हणून परळला पाणी येतं का?

सह्याद्रीवारा
येतं की. मुंबई मुळात सात बेटं. मधला समुद्र बुजवून शहर केलं. नरिमन पॉइंट, कफ परेड, बीकेसी, सगळा भराव. आता एवढी माती समुद्रात ओतली तर समुद्राचं पाणी वर येणारच, बादलीत दगड टाकल्यावर येतं तसं. तेच पाणी भरतीला शहरात शिरतं. निसर्गाची जागा घेतली, निसर्ग परत घेतोय.

सांडपाणी_काका
बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहितो. मुंबईत पावसाळी गटारांच्या कामांवर कंत्राटदाराकडे पंचवीसेक वर्षं काढली, आता पाथर्डी फाट्याला निवांत असतो. आयडी बायकोने ठेवलाय.

पेणच्या ताईंचं बरोबर. सह्याद्रीवारांचं निदान अर्धं बरोबर, पण कारण चुकलंय. अरबी समुद्र म्हणजे बादली नव्हे. भरावाने समुद्राची पातळी बोटभरही वाढत नाही. आणि बहुतेक वेळा समुद्र रस्त्यावर चालत येतही नाही. रस्त्यावर दिसतं ते पावसाचंच पाणी. समुद्र फक्त दाराला आतून कडी लावतो.

एक चित्र डोळ्यांपुढे आणा. आकडे समजुतीपुरते घेतोय. समुद्राची सरासरी पातळी म्हणजे शून्य. तुमचा सखल रस्ता त्याच्यावर दीड मीटर. रस्त्याखालची वाहिनी तीन किलोमीटर जाऊन समुद्रात सुटते. समुद्र सरासरीला असेल तर पाण्याला तीन किलोमीटरमध्ये दीड मीटर उतार मिळतो, म्हणजे दोन हजाराला एक. तुमच्या घरातली मोरी याच्या वीसपट उताराची असेल, पण मोठ्या वाहिनीला हेही चालतं. आता मुंबईत उधाणाला समुद्र सरासरीच्या वर दोन-सव्वादोन मीटर चढतो. म्हणजे समुद्र तुमच्या रस्त्याच्याच वर अर्धा मीटर. पाण्याने जायचं कुठे? उतार उलटा झाला. लेक उभी होती तेव्हा दीडला हेच चालू होतं.

समुद्र उतरत उतरत रस्त्याच्या खाली गेला की पाणी हलायला लागतं, पण सुरुवातीला उतार इतका कमी की हललेलं दिसत नाही. समुद्र अर्ध्यावर आला की वेग पकडतो. अर्ध्यावर म्हणजे साडेचारच्या आसपास. तुमच्या तिसऱ्या पायरीने काढलेली नोंद अगदी जशी यायला हवी तशी आहे.

कॉलेजरोडचा
काका, म्हणजे कचऱ्याचा काही संबंधच नाही? नालेसफाईवर दरवर्षी एवढी बोंब उगाच होते?

सांडपाणी_काका
संबंध आहे, पण तुम्ही म्हणता तसा नाही. पाणी जोरात वाहत असेल तर गाळ आणि पिशव्या स्वतःच ओढून नेतं. दोन हजाराला एक उतार, त्यात दिवसातून दोनदा समुद्राने थोपवलेलं पाणी. थांबलेल्या पाण्यात गाळ बसतो. म्हणजे गाळामुळे पाणी थांबतं हे खरं, आणि पाणी थांबतं म्हणून गाळ बसतो हेही तितकंच खरं. मे महिन्यात साफ केलेला नाला जुलैत पुन्हा भरलेला मी पाहिलाय, आणि त्यात दरवेळी कंत्राटदाराची चोरी नव्हती. (दरवेळी नव्हती म्हणतोय.)

मिसळभक्त
कंसातलं वाक्य फ्रेम करून लावा.

पेणची_लेक
काकांनी कडी म्हटलं आणि मला आमची उघाडी आठवली. मुंबईकरांना माहीत नसेल कदाचित, म्हणून लिहिते.

आमचं शेत खारेपाटातलं. उधाणाच्या पाण्यापेक्षा भाताची जमीन खाली. खाडीच्या बाजूला मातीचा बांध, आणि बांधात पाणी काढायला उघाडी. म्हणजे एक लाकडी फळी, वरच्या बाजूला अडकवलेली, खाडीकडे तोंड करून लोंबकळणारी. ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर जातं. भरतीला खाडीचं पाणी तिला दाबून बंद करतं. माणूस लागत नाही, वीज लागत नाही. पण भरतीच्या सहा तासांत पडलेला पाऊस शेतातच राहणार, हे सगळ्यांना माहीत. म्हणून बांधाच्या आत थोडी जागा पाण्याला मोकळी सोडलेली असते.

एकदा फळीत ओंडका अडकला. रात्रीची भरती. बाबा कंदील घेऊन गेले तोवर खारं पाणी निम्म्या शेतात. त्या जागेला पुढची काही वर्षं धड भात नव्हता, मीठ धुऊन निघेपर्यंत. तेव्हापासून पाऊस सुरू झाला की बाबा आधी आकाश नाही, उघाडी बघायचे.

मुंबईच्या गटारांना अशी फळी असते का?

सांडपाणी_काका
ताई, हाच कळीचा प्रश्न. बहुतेकांना नाही!

मुंबईच्या नाल्यांची समुद्रात सुटणारी तोंडं, पालिकेच्या कागदात पातमुखं म्हणतात, ती १८६ धरली जातात. त्यातली ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली आहेत. १३५ सरासरीच्या वर, पण भरतीच्या पातळीखाली. भरतीतही मोकळी राहणारी फक्त सहा. दारं बसवलेली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

दार नसेल तर काय होतं ते महत्त्वाचं. पाऊस यायच्या आधीच समुद्र वाहिनीत शिरून बसलेला असतो. लोक समजतात गटार रिकामं आहे, आता पावसाने भरेल. ते भरलेलंच असतं, खाऱ्या पाण्याने. मे महिन्यात, पावसाचा थेंब नसताना, उधाणाच्या दुपारी पातमुखाच्या जवळची झाकणं उघडून बघायचो आम्ही. पाणी वर चढताना दिसायचं, आणि भिंतीला कालवं चिकटलेली. कालवं जिथपर्यंत, तिथपर्यंत समुद्र रोज येतो. त्याला लेव्हल मशिन लागत नाही.

तुमच्या उघाडीसारख्या झडपा लावाव्यात हे जुनंच आहे, पण शहराच्या नाल्यात ओंडके नसले तरी गाद्या असतात. झडपेत गादी अडकली की तुमच्या बाबांसारखं कंदील घेऊन कोण जाणार?

पंचवटीकर
एक मिनिट. उघाडीवरून ट्यूब पेटली. आमच्या बेसमेंटमध्ये पंप चालू असून पाणी वाढत होतं ते याचमुळे का? बाहेरचा नाला तुडुंब होता. पंप नाल्यात टाकतोय आणि नाला त्याच पाइपाने परत आत.

सांडपाणी_काका
@पंचवटीकर, बहुतेक पंपाच्या पाइपातून नाही, शेजारच्या जुन्या गुरुत्वाच्या पाइपातून येत असेल. बिल्डरने आधी साधा निचऱ्याचा पाइप टाकला असेल, मग पंप बसवला आणि जुना पाइप तसाच उघडा. त्याला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा किंवा कायमचा बुजवा. प्लंबरला आधी तो पाइप शोधायला सांगा. तुम्ही विषय सोडून लिहिलंत असं वाटलं होतं, पण तुमचं बेसमेंट म्हणजे छोटी मुंबईच निघाली.

पंचवटीकर
😀 बायकोला सांगतो, सी-फेसिंग फ्लॅट आहे आपला.

जुना_सराफ
मुंबईला जायची गरजच नाही. सराफ बाजारात चाळीस वर्षं दुकान आहे आमचं. सरस्वती नाला बाजाराखालून जातो आणि गोदावरीला मिळतो. नुसता गावात पाऊस असला तर नाला वाहतो, कधी अंगावर येतो, पण निघून जातो. वर गंगापूरमधून पाणी सोडलेलं असलं की नदी चढते, नाल्याचं तोंड बुडतं, आणि मग नाला मागे फिरून बाजारात येतो. आम्ही आकाश बघत नाही, नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बघतो. मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की तळघरातला माल वर. २००८, २०१६, २०१९, तिन्ही वेळा मारुतीनेच सांगितलं.

म्हणजे आमची भरती धरणातून येते म्हणायची.

सांडपाणी_काका
याहून चांगलं उदाहरण मलाही सुचलं नसतं. फरक एवढाच की गोदेचा पूर दोन-तीन वर्षांनी येतो आणि दिवसभर ठाण मांडतो, समुद्र रोज दोनदा येतो आणि सहा तासांनी जातो. म्हणून मुंबईत हिशोब तासांचा असतो.

तर्ककर्कश
काका, सगळं पटण्यासारखं मांडलंत, पण एक गोष्ट सोयीस्कर गाळलीत. मुंबईत पंपिंग स्टेशनं आहेत. हिंदमाताचं पाणी जिथे जातं तिथे, रे रोडला, ब्रिटानिया पंपिंग स्टेशन आहे. पंप आहे म्हणजे समुद्र वर असला तरी पाणी उचलून टाकता येतं. मग भरतीचा संबंध उरतोच कुठे? तुमचं दोन हजाराला एकचं चित्र पंप नसलेल्या शहराचं आहे.

सांडपाणी_काका
गाळली नव्हती, यायचोच होतो त्यावर. पण टोचलंत ते बरं झालं.

पंपिंग स्टेशनं सहा: हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध. २००५ नंतर एकेक करून उभी राहिली. तिथला एक पंप सेकंदाला सहा हजार लिटर पाणी उचलतो. ऐकायला राक्षसी वाटतं. आता एक चौरस किलोमीटर वस्ती घ्या, सगळी काँक्रीटची. तासात ५० मिमी पाऊस पडला तर पाणी होतं पाच कोटी लिटर. एक पंप तासाला उचलतो दोन कोटी सोळा लाख. म्हणजे चौरस किलोमीटरला सव्वादोनहून जास्त पंप, आणि तेही पाणी वेळेत पंपापर्यंत पोचलं तर.

खरी मेख त्या शेवटच्या वाक्यात आहे. हिंदमाता ते रे रोड तीन किलोमीटरहून जास्त. पंप आपल्या दारातली पातळी खाली ओढतो, पण तीन किलोमीटर दूरच्या रस्त्यावरचं पाणी ओढून आणू शकत नाही. ते स्वतःच्या उताराने, जुन्या वाहिनीच्या पोटातून, जेवढं मावेल तेवढंच येणार. उसाच्या रसाला बारीक नळी लावून कितीही जोराने ओढा, नळीत मावतं तेवढंच तोंडात येतं. हिंदमाताला गुडघाभर पाणी आणि पंप अर्धे बंद, कारण त्यांच्या विहिरीत उचलण्याएवढं पाणीच नाही, असंही घडू शकतं.

म्हणूनच पुढे पालिकेने हिंदमातासाठी जमिनीखाली टाक्या बांधल्या, एक दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली, दुसरी परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली. भरतीच्या वेळी रस्त्यावरचं पाणी तिथे भरायचं, ओहोटीला सोडायचं. पेणच्या ताईंनी बांधाच्या आतली मोकळी जागा म्हटली ना, तीच.

तर्ककर्कश
म्हणजे तुम्हीच माझा मुद्दा मान्य केलात. अडथळा भरतीचा नाही, वाहिनीच्या आकाराचा आहे. आणि टाक्या आहेत तर मग गेल्या आठवड्यात काय झालं?

सांडपाणी_काका
टाक्या भरल्या असतील, किंवा पाऊस तिथल्या पंपांपेक्षा जोरात होता. मी तिथे नव्हतो, ठामपणे सांगणार नाही. आणि हो, वाहिनी छोटी हेही कारण आहेच. ब्रिटिशांच्या वेळची रचना तासाला २५ मिमी पावसाची, आणि त्यातही निम्मं पाणी जमिनीत मुरेल असं धरलेलं. म्हणजे वाहिनीवर प्रत्यक्ष साडेबारा मिमीचाच भार. तेव्हा ते खोटं नव्हतं, मोकळी मैदानं, बागा, चाळींची मातीची अंगणं होती. आता मुरायला जागाच नाही, त्यामुळे तोच पाऊस वाहिनीला दुप्पट वाटतो. मुंबईच्या पावसाळी निचऱ्यावरच्या १९९३च्या ब्रिमस्टोवॅड अहवालात म्हणूनच ५० मिमी धरायचं आणि मुरणं शून्य धरायचं असं ठरलं. गुणाकार करून बघा, जुन्याच्या चौपट क्षमता लागते. भर वस्तीत, ट्राम गेलेल्या रस्त्याखाली, दूरध्वनीच्या आणि पाण्याच्या नळांच्या जंजाळातून चौपट वाहिनी टाकून बघा. आम्ही टाकत होतो. एका रात्रीत चार मीटर काम झालं तर मुकादम पेढे वाटायचा.

सह्याद्रीवारा
माझ्या भरावाचं काय झालं? बादली नाही म्हणालात, मग अर्धं बरोबर ते कुठलं? 🙂

सांडपाणी_काका
विसरलो नव्हतो. भराव तीन तऱ्हेने नडतो.

पहिली तऱ्हा फार कमी लोकांच्या लक्षात येते. वाहिनी आधी समुद्राला मिळत होती तिथे तुम्ही पुढे एक किलोमीटर जमीन केलीत. आता तीच वाहिनी एक किलोमीटर लांब न्यावी लागते. पण रस्त्याची उंची तीच, समुद्राची पातळी तीच. म्हणजे आधीचा दीड मीटर उतार तीनऐवजी चार किलोमीटरला वाटून द्यायचा. पाण्याचा प्रवाह उताराच्या वर्गमुळाने बदलतो, त्यामुळे वहनक्षमता साधारण आठव्या हिश्शाने घटते. हे कागदावर. प्रत्यक्षात वेग कमी झाला की गाळ बसतो, आणि घट आणखी वाढते. जुन्या वस्तीच्या माणसाने काहीच केलेलं नसतं, पण पुढे इमारती उभ्या राहिल्या आणि त्याचं पाणी उशिरा जायला लागलं.

दुसरी, नवा भराव नेहमी भरतीच्या वर घालतात. मागची जुनी जमीन तिथेच खाली. मुंबईची जुनी वाडगी अशीच झाली. १७८०च्या दशकात हॉर्नबीने वरळीच्या बाजूचा बांध घातला आणि बेटांमध्ये शिरणारा समुद्र अडवला. मधली सपाट जमीन कोरडी झाली, पण उंच झाली नाही. पुढे तिच्यावर जमेल तशी भर पडत गेली. परळ, भायखळा, ताडदेव भागात आज पाणी कुठे साचतं ते त्या जुन्या नकाशावर ठेवून बघा. समुद्र गेला, त्याची बशी राहिली.

तिसरी, मिठागरं आणि खारफुटी. मिठी नदीच्या तोंडाशी दलदल होती, आता तिथे वांद्रे-कुर्ला संकुल आहे. भरतीत अडलेलं नदीचं पाणी चार-सहा तास पसरायचं ते तिथेच. ती जागा गेली की पाणी पसरत नाही, चढतं.

कॉलेजरोडचा
२६ जुलै २००५ मग याचमुळे ना? ९४४ मिमी!

सांडपाणी_काका
याचमुळे असं म्हणता येणार नाही. ९४४ मिमी सांताक्रूझला एका दिवसात पडला, आणि त्याच दिवशी कुलाब्याला शंभरसुद्धा नाही. तसल्या पावसाला कुठल्याच शहराची गटारं पुरत नाहीत. दुपारची भरती होती, तिने भर घातली. पण २६ जुलैवरून रोजचं हिंदमाता समजत नाही, उलट दिशाभूल होते. लोक म्हणतात, एवढा पाऊस झाल्यावर काय होणार. गोदाकाठांच्या मुलीच्या दिवशी एवढा पाऊस नव्हताच की.

मिसळभक्त
धागा वाचून माझं एवढं ठरलं: मुंबईत नोकरी, नाशिकात पंचांग.

गोदाकाठ
मंडळी, आठवडाभर गायब होतो, क्षमस्व. लेकीला सगळा धागा पाठवला. तिने चेष्टा केली आधी, मग स्वतःच वही काढली.

काल अष्टमी होती. दुपारी साडेअकरा ते एक पुन्हा तसाच पाऊस, तिच्या मते मागच्याइतकाच. पेणच्या ताईंच्या हिशोबाने भरती सहाला, म्हणजे दुपारी बाराला ओहोटी. तीच दुकानाची पायरी. या वेळी पाणी पहिल्या पायरीच्याही वर गेलं नाही, आणि पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासात रस्ता उघडा. दुकानदार म्हणाला, “आज पाणी लवकर गेलं.” ही म्हणाली, “अष्टमी आहे ना.” तो बघतच राहिला.

तर्ककर्कश
दोन दिवसांवरून सिद्धांत नको. “तिच्या मते तेवढाच” याला मोजमाप नाही. टाक्या रिकाम्या असतील, या वेळी पंप वेळेवर लावले असतील. दहा-बारा नोंदी होऊ द्या, पर्जन्यमापकाच्या आकड्यांसकट. मग मी पंचांग विकत घेतो.

सांडपाणी_काका
तर्ककर्कशांशी चक्क सहमत. पंप किती वाजता लागले हे कळल्याशिवाय भरतीचा वाटा किती आणि वाहिनीचा किती, ते वेगळं काढता येणार नाही. मुलीला सांगा, पावसाची आणि पाणी उतरल्याची वेळ लिहीत राहा. आम्ही नोकरीत होतो तेव्हा अशी वही कुणी ठेवली असती तर भांडणं कमी झाली असती.

पेणची_लेक
अष्टमीला भांग असते, म्हणजे भरतीच मुळात लहान. तोही फरक धरा.

आणि गोदाकाठ दादा, वही-बिही ठीक आहे, पण तिला रात्रपाळी असते ना? पुनवेनंतरच्या द्वितीयेला दुपारी दीडला भरती, तशीच मध्यरात्रीनंतरही. त्या रात्री पाऊस लागला तर बारानंतर तिथून निघू नको म्हणावं. पहाटे पाचला निघाली तर पाय कोरडे राहतील.